एक नंबरवर आमचं चॅनल

टीव्हीवर निळा पडदा आणि मधोमध लिहिलेलं, टीव्ही शून्य, रेडिओ शून्य. म्हणजे एकही चॅनल नाही. सगळे गेले. मी रिमोट हातात धरून उभी, बारकं कडेवर रडतंय, आणि मी नुसतं ओके दाबते, ओके दाबते, ओके दाबते. पडद्यावर शून्यच.

पाच वाजता पोरीचा नाच लागणार होता. गल्लीतल्या साऱ्या बाया आमच्याच घरी येणार होत्या. आणि मी टीव्हीच पुसून टाकला होता.

आधी सांगते काय झालं ते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई खुळी आहे.

आमचं गाव म्हसावदच्या जवळ. केळी, कापूस, ऊस. घरात सासरे, सासू, मी, माझी पाच वर्षांची पोर आणि हे बारकं. पोरीचा बाप सुरतला कामाला. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. आमच्या गल्लीत आधी साऱ्यांकडे केबल होती, मग एकेकाने ती काढून गच्चीवर डिशची छत्री बसवली. छत्रीला महिन्याचं भाडं नाही. राहिलो आम्हीच. समोरच्या घरची काकू येता-जाता टोमणा मारायची, "अजून वायरच शे का वं तुमनी? छत्री लावा, फुकटमा दुन्या दखा." आत्याबाई आत आल्या की भांडी जोरात आपटायच्या.

त्यांनी केबल ठेवली ती एका चॅनलसाठी. आमच्या केबलवाल्याचं स्वतःचं चॅनल आहे, त्याला त्याने आपल्या मुलीचं नाव दिलंय. त्याच्यावर गावोगावची लग्नं, गणपतीच्या मिरवणुका, कीर्तनं, शाळांची गॅदरिंगं, कोण वारलं, कुणाचं दुकान उघडलं, सगळं लागतं. हे चॅनल छत्रीवर येत नाही. ते फक्त वायरीतून येतं.

आणि माझ्या पोरीच्या शाळेचं गॅदरिंग त्याच चॅनलवर लागणार होतं. शहाद्याला झालं होतं ते, मोठ्या हॉलमध्ये. आत्याबाईंचे गुडघे धरलेले, त्या जाऊ शकल्या नव्हत्या. मी गेले होते, पण मागच्या खुर्चीवरून माझ्या फोनमध्ये नुसती लोकांची डोकी आली. नाच आत्याबाईंनी पाहिलाच नाही. त्या दिवसापासून त्यांचं एकच, टीव्हीवर कधी येस, टीव्हीवर कधी येस, कधी येणार म्हणून. केबलवाल्याने सांगितलं, एकदाच लावेन, पाचला. झालं. आत्याबाई काठी घेऊन घरोघरी सांगत फिरल्या.

जाताना मला म्हणाल्या, "वहू, आज टीव्ही मी लावसू. मन्हा हातथून लावसू. सगळास्ना समोर."

आता अडचण काय, तर ते चॅनल होतं तीन आकडी नंबरवर. आत्याबाईंना आकडे येत नाहीत असं नाही, पण बोट हळू चालतं. पहिला आकडा दाबला की दुसरा शोधेपर्यंत केबलचा बॉक्स थांबत नाही, त्या एका आकड्याच्याच चॅनलवर उडी मारतो. रोज त्या मला हाक मारतात, "लाव वं." आज साऱ्या बायांसमोर त्यांना मला हाक मारायची नव्हती. ते मला कळलं. मी म्हटलं, मी ते चॅनल एक नंबरवर आणून ठेवते. एकच बटण. त्या दाबतील.

म्हणून मी मेन्यूत शिरले. मी आठवीपर्यंत शिकले, इंग्रजी अक्षरं जोडून-जोडून वाचते. चॅनल एडिटमध्ये मूव्ह म्हणून होतं, ते सापडलं, पण ते फिक्कं दिसत होतं, राखाडी, त्याच्यावर बटणच जाईना. मी चारदा दाबलं. नाही. मग मला आठवलं, काही बिघडलं की केबलवाला काय करतो. तो मेन्यूच्या शेवटच्या ओळीवर जातो, चार वेळा शून्य दाबतो, येस करतो, आणि टीव्ही ठीक होतो. मी कितीतरी वेळा पाठीमागून पाहिलेलं. मी तसंच केलं. शेवटची ओळ. शून्य शून्य शून्य शून्य. येस.

पण तो नेहमी टीव्हीसमोर उभा राहतो ना. येसच्या पुढे तो काय करतो ते त्याच्या पाठीमुळे मला कधी दिसलंच नव्हतं.

बॉक्स बंद झाला, चालू झाला, भाषा विचारली, मी ओके केलं, एक पट्टी सरकली, आणि शून्य.

केबलवाल्याला फोन लावला. उचलेना. परत लावला. घड्याळात चार वाजून गेलेले. बारक्याला खाली ठेवलं तर ते रांगत जाऊन बॉक्सची वायर ओढायला लागलं, त्याला परत उचललं. परत फोन. उचलला.

"बोला वहिनी, पटकन बोला, मी खांबावर शे."

"दादा, सगळं गेलं, शून्य दाखवतंय."

"काय दाबलं तुम्ही?"

मी सांगितलं.

"अरे माय!" तो वरून ओरडला. खाली कुणीतरी हसलं ते मला ऐकू आलं. "वहिनी, तो बॉक्स कंपनीतून जसा उना तसा करी टाका तुम्ही. त्याले आपला केबलना नंबर माहीत नही आते. फ्रिक्वेन्सी टाकनी पडी."

"ते कसं टाकू?"

"लिखा." त्याने तीन आकडे सांगितले. लिहायला काही नव्हतं, चुलीजवळ कोळसा होता, मी भिंतीवर लिहिले. मग चार आकडे अजून सांगितले, ते सिम्बॉल का काय ते, म्हणाला ते बहुतेक आधीच बरोबर असेल, नुसतं बघून घ्या. "मॅन्युअल सर्चमा जा, हाई आकडा टाका, सर्च दाबा. मी येस अर्ध्या-एक तासमा."

"दादा, पाचला लागणार ना पोरीचं?"

"ते पेनड्राईववर शे, माणूस बसाडेल शे, पाचले लागी म्हणजे लागी." फोन ठेवला.

तो येईपर्यंत पाच वाजून गेले असते.

मॅन्युअल सर्च सापडलं. आधी जो आकडा आपोआप होता तो वेगळाच होता, बाहेरच्या कुठल्या तरी केबलचा असेल. तो खोडला, भिंतीवरचा आकडा टाकला. खालची पट्टी हलली. सिग्नल हिरवा झाला! मी सर्च दाबलं. पट्टी भरली, नावं वर-वर सरकायला लागली, आणि थांबली. एवढीशीच. दोन बोटांच्या पेरांवर मोजता येतील एवढी चॅनलं. सारखी खाली-वर केली, दोन बातम्यांची, एक भक्तीचं, बाकी माहीत नाहीत. आमचं नाही.

तेवढ्यात दारात समोरची काकू.

"उनू मी. जागा धरानी म्हणी लवकर उनू." आत येऊन खाटेवर बसली, पदराने वारा घेत. "काय व्हयनं, टीव्ही बंद शे का?"

"नाही काकू, लावतेच."

"मन्हाकडे छत्रीवर काय बी करनं पडत नही," ती म्हणाली. "बटण दाबं का चालू."

मी पाठ तिच्याकडे केली. पडद्याकडे बघत राहिले. त्या पानावर आकड्याच्या खाली एक ओळ होती, नेटवर्क, आणि पुढे लिहिलेलं नो. ती मी आधी पाहिलीच नव्हती. मी विचार केला, एका आकड्याला एवढीच चॅनलं आहेत, तर बाकीची दुसऱ्या आकड्यांना असतील. ते दुसरे आकडे कोणाला माहीत असतील? केबलच्या वायरीलाच माहीत असतील. नेटवर्क म्हणजे तेच असेल. असेल की नाही मला काय माहीत. पण आता तर शून्यच होतं, त्यापेक्षा अजून काय बिघडणार होतं?

मी नो वर जाऊन बाणाने येस केलं. सर्च दाबलं.

पट्टी सरकायला लागली. हळू. एक आकडा संपला, दुसरा आकडा स्वतःच आला, तिसरा स्वतःच आला. नावं येताहेत, येताहेत, मी कुठलं वाचू, पन्नास, शंभर, चारशे. काकू म्हणाली, "काय वं, हाई तर मोठं यंत्रच शे." बारकं माझ्या खांद्यावर झोपून गेलं होतं. पट्टी भरली. सेव्ह झालं.

चॅनलं आली. पण सगळी उलटीपालटी! जे तीनशेवर होतं ते नवावर, जे नवावर असायचं ते कुठे गेलं देव जाणे. मी आमच्या चॅनलचा जुना तीन आकडी नंबर दाबला, तिथे परकी भाषा बोलणारा बाप्या. मग कसं शोधू? शेकडो चॅनलं, आणि माझं वाचणं असं. प्रत्येक नाव जोडत बसले तर सहा वाजतील.

लिस्ट उघडली. बघते तर पुष्कळ नावांपुढे डॉलरचं चिन्ह, काहींपुढे नाही. डॉलर म्हणजे पैसेवालं, हे मला माहीत होतं, आमच्या कार्डात नसलेली चॅनलं त्यातच असतात. आमचं तर केबलवाल्याच्या घरचं, त्याला कशाला डॉलर लागेल? खाली रंगीत बटणांची रांग होती, पिवळ्यापुढे सॉर्ट लिहिलेलं. पिवळं दाबलं. त्यात निवडायला आलं, नावाने, फुकटवालं आधी, असं. मी फुकटवालं आधी केलं. डॉलर नसलेली सगळी वर गोळा झाली. आता थोडीच वाचायची होती. मला फक्त त्याच्या पोरीच्या नावाचं पहिलं अक्षर पाहायचं होतं.

सरकत गेले. सरकत गेले. आणि सापडलं. ते अक्षर, मग दुसरं अक्षर, मग पूर्ण नाव. ओके दाबलं. खालच्या पट्टीवर म्हसावदच्या एका कापड दुकानाची जाहिरात पळत होती, वर कुणाच्या तरी हळदीला बाया नाचत होत्या. आमचंच! मी मोठ्याने हसले. बारकं दचकून जागं झालं.

"सापडनं का?" काकू म्हणाली.

"सापडलं."

पण नंबर चारशेच्या वर कुठेतरी पडला होता. आधीपेक्षा अवघड. आणि बाहेर आत्याबाईंची काठी ऐकू येत होती, ठक ठक, आणि त्यांच्यामागे बायांचा घोळका. आत्याबाई गल्लीच्या तोंडापासूनच बोलत येत होत्या, "मन्ही नात शे, तिसरी रांगमा शे, पण मधमा शे."

मी पुन्हा एडिटमध्ये गेले. मूव्ह. आणि बघा, आता ते फिक्कं नव्हतं! उजळ होतं, पांढरं. मला तेव्हा कारण कळलं नाही, मी विचार करायला थांबलेही नाही. चॅनल उचललं, वरचं बटण दाबून धरलं, ते चॅनल लिस्टमध्ये वर-वर धावत सुटलं, दुसऱ्यांना मागे टाकत, आणि सगळ्यांच्या डोक्यावर जाऊन बसलं. एक नंबर. मी घाईत एक्झिट दाबणार होते. बोट बटणावर होतं. पण पडद्यावर विचारलं, सेव्ह? मी वाचलं. ते एवढं वाचता आलं म्हणून मी आजही शाळेला हात जोडते. येस केलं.

मग मुद्दाम दुसरंच चॅनल लावून ठेवलं, माझ्या कपाळावरची टिकली काढली आणि रिमोटच्या एक नंबरवर चिकटवली.

बाया आत आल्या, आत्याबाईंचं बोट धरून पोरही. खाटेवर, सतरंजीवर, उंबऱ्यावर. आत्याबाई मधोमध खुर्चीवर बसल्या, हात पुढे केला. मी रिमोट दिला आणि कानात सांगितलं, "टिकली दाबा."

त्यांनी चष्मा सारखा केला. साऱ्यांकडे एकदा पाहिलं. समोरच्या काकूकडे जरा जास्तच पाहिलं. आणि टिकली दाबली.

लागलं. पहिल्या दाबात. काही थांबणं नाही, काही उडी नाही. आणि तिथे शाळेचा बोर्ड, आणि पोरं रांगेत उभी.

"हाई दख!" आत्याबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "हाई दख मन्ही बाय!"

पोर तिसऱ्या रांगेत होती. सगळ्या पोरी उजवीकडे वळल्या तर ती डावीकडे वळली, मग शेजारणीकडे पाहून घाईने सारखी झाली. बाया हसल्या. मला वाटलं आत्याबाईंना वाईट वाटेल. पण त्या म्हणाल्या, "बाकीन्या पोरी चुकन्यात. ती बराबर शे." मग तर साऱ्या आडव्या पडून हसल्या. पोर स्वतः माझ्या पायामागे लपून आपल्यालाच बघत होती, तोंडात बोट घालून. आत्याबाईंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या, पुसलं तर तेवढा वेळ नाच दिसला नसता.

समोरची काकू नाच संपल्यावर म्हणाली, "मन्हा नातूना बी पुढला महिनामा कार्यक्रम शे. आठेच दखसू मी."

"ये ना," आत्याबाई म्हणाल्या. "छत्री घी ये."

सगळ्यांचा चहा झाल्यावर केबलवाला आला, धापा टाकत, अंगावर धूळ. दारातूनच म्हणाला, "वहिनी, काय गडबड करी ठेवी ते दखाडा." मी टीव्ही दाखवला. तो बघतच राहिला. लिस्ट वर-खाली केली, एक नंबर पाहिला.

"कोणी करं हाई?"

"मीच."

"नेटवर्क येस कोणी सांगं तुमले? मी तर सांगाले विसरनू."

"कुणीच नाही."

तो हसला, डोकं खाजवलं. मग मला समजावलं की एरवी कंपनीचा नंबर चालू असतो, ज्याला ते एलसीएन म्हणतात, म्हणजे कुठलं चॅनल कुठल्या आकड्यावर ते कंपनी ठरवते. तो चालू असेल तर बॉक्स कुणाला काही हलवू देत नाही, म्हणून मूव्ह फिक्कं होतं. मी सगळं पुसलं तेव्हा तो आपोआप बंद झाला, म्हणून हलवता आलं. म्हणजे मी चुकले नसते तर ते चॅनल एक नंबरवर कधीच आलं नसतं. माझी चूकच कामाला आली होती.

"आते मी एलसीएन चालू करी देस," तो म्हणाला आणि रिमोटला हात घातला. "मंग सगळं जुना जागावर जाई."

आत्याबाईंनी काठी त्याच्या आणि टीव्हीच्या मधे आडवी धरली. "हात नको लावू."

"अहो आजी, बाकीना चॅनल उलटापालटा पडेल शेतस."

"पडू दे. मन्ही सून लावी दी."

मन्ही सून. असं त्या चार लोकांत पहिल्यांदा म्हणाल्या. तोपर्यंत मी वहू होते, पोरीची माय होते, ए होते.

त्यानंतर मी बाकीची पण लावली. निवांतपणे, दुपारी, बारकं झोपलं की. सासऱ्यांचं शेतीचं दोनवर, कीर्तनाचं तीनवर, पोरीचं कार्टूनचं चारवर, आणि माझं गाण्याचं पाचवर, कुणाला न विचारता. गल्लीतल्या ज्या बायांनी छत्र्या लावल्या त्यांच्याही बॉक्समध्ये मूव्ह असतं, ते मी दोघींना करून दिलं. आता गल्लीत काही अडलं की मला हाक येते. कधी कधी पडद्यावर नवीन चॅनलं मिळाली, शोधू का, असं विचारलं जातं, तेव्हा घरचे सगळे माझ्याकडे बघतात. येस म्हटलं तर माझी सगळी मांडणी हलेल की नाही, ते मला अजूनही नक्की माहीत नाही. मग मी ठरवते आणि दाबते.

पण मला त्या दिवसाचं तुम्हाला विचारायचंय. टीव्ही शून्य, रेडिओ शून्य लिहिलेलं, बारकं रडतंय, केबलवाला खांबावर, समोरची काकू पाठीमागे खाटेवर पदराने वारा घेत बसलेली, आणि म्हातारीची काठी गल्लीत फिरतेय. आणि पडद्यावर एका ओळीपुढे नो लिहिलेलं, ज्याचा अर्थ तुम्हाला कुणी सांगितलेला नाही. तुम्ही काय केलं असतं? रिमोट खाली ठेवून, लाईट गेली म्हणून सांगितलं असतं? की दाबलं असतं?